धागा: पहिल्या रविवारची डिजिटल साफसफाई आणि गायब झालेली फवारणीची फाइल

मखमलाबादची_सून

नमस्कार मंडळी. गेले वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मोबाइल आणि लॅपटॉप आवरते. मुलं क्लासला गेली की चहा घेऊन बसायचं. आधी जुनं पुसायचं, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायचा, शेवटी जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे. माझा फार शिस्तीचा कारभार आहे असं मलाच वाटायचं.

आमचा द्राक्षाचा मळा आहे. ऑक्टोबर छाटणीपासूनची प्रत्येक फवारणी मी एका एक्सेल फाइलमध्ये लिहिते. तारीख, औषध, प्रमाण, प्लॉट. सोबत औषधाच्या बाटलीचा आणि टाकीचा फोटो काढून ठेवते. माल युरोपला जायचा असला की काढणीआधी हे रेकॉर्ड द्यावंच लागतं.

१ फेब्रुवारीला साफसफाई करताना Favarni_2025.xlsx ही फाइल "मागच्या वर्षीची" म्हणून उडवली. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि वर्ष मध्येच बदलतं हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. रिसायकल बिनही रिकामी केली. मोबाइलमधले शे-दीडशे फोटो पुसले. मग नेहमीसारखा बॅकअप घेतला. १ मार्चलाही घेतला.

१४ मार्चला माल घेणाऱ्यांचा माणूस बागेत आला आणि रेकॉर्ड मागितलं. लॅपटॉपवर नाही. डिस्कवर नाही. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही नाही. नाना (सासरे) काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दोन दोन ठिकाणी बॅकअप असून फाइल सगळीकडून गेली कशी? आणि आता काही करता येईल का?

पंचवटी_एक्सप्रेस

ताई, डिस्क कोणत्या कंपनीची आहे? मला पण एक टीबीची घ्यायची आहे. मेनरोडला विचारलं तर प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो.

गोदाकाठ

हार्ड डिस्क, केबल हा सगळा जुना जमाना झाला. सगळं क्लाउडवर ठेवा. ड्राइव्हमध्ये फाइल असली की ती कुठेच जात नाही. मी चार वर्षांत एकदाही बॅकअप घेतलेला नाही.

मखमलाबादची_सून

@गोदाकाठ, फाइल ड्राइव्हमध्येच होती हो. लॅपटॉपचं फोल्डर ड्राइव्हला जोडलेलं आहे. तिथूनही गेली.

अण्णा_सातपूर

सातपूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं संगणक विभाग सांभाळला, तेवढ्या अनुभवावर लिहितो. सूनबाई, दोन गोष्टी सांगा. बॅकअप नेमका कसा घेता, हाताने कॉपी-पेस्ट की काही आज्ञा चालवता? आणि १ मार्चनंतर त्या डिस्कवर आणखी काही टाकलंय का? टाकलं नसेल तर डिस्क काढून कपाटात ठेवा. उत्तर येईपर्यंत तिला हात लावू नका.

मखमलाबादची_सून

अण्णा, माझ्या भावाने डेस्कटॉपवर एक बॅच फाइल करून दिली आहे. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि आपोआप होतं. आत हे आहे:

```
robocopy "D:\Mala" "E:\Backup\Mala" /MIR
```

१ मार्चला दोनेक जीबी नवे फोटो गेले असतील. त्यानंतर डिस्क लावलेली नाही.

अण्णा_सातपूर

सापडलं. भावाने चूक केलेली नाही, पण ही आज्ञा तुमच्या क्रमाला मारक आहे.

`/MIR` म्हणजे आरसा. D वर जे आहे तेच E वर दिसलं पाहिजे, एवढंच तिला कळतं. D वर नवी फाइल आली तर ती E वर कॉपी करते, आणि D वरून फाइल गेली तर E वरचीही पुसते. आणि ही पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. तुम्ही आधी साफसफाई केली आणि मग आरसा धरला. म्हणजे ४ जानेवारीच्या बॅकअपमध्ये ती फाइल होती, ती १ फेब्रुवारीच्या बॅकअपनेच पुसली.

ड्राइव्हचंही तेच. जोडलेलं फोल्डर हाही आरसाच. लॅपटॉपवर पुसलं की तिकडेही ट्रॅशमध्ये जातं आणि ३० दिवसांनी कायमचं जातं. तुमचे ३० दिवस ३ मार्चला भरले, तुम्ही शोधलं १४ तारखेला. तुमच्याकडे तीन जागा होत्या खऱ्या, पण दोन जागा पहिलीची नक्कल करत होत्या. पहिलीने चूक केली की बाकीच्या दोघींनीही केली.

आता फोटोंचं बघा. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. १ फेब्रुवारीपासून ६० दिवस म्हणजे २ एप्रिल. आज १७ मार्च आहे. हे वाचताय तोवर मोबाइल हातात घ्या आणि ट्रॅश उघडा. बाकीचं नंतर बोलू.

मखमलाबादची_सून

अण्णा!! ९४ फोटो परत आले. टाकीचे, बाटल्यांचे, सगळे. हात थरथरत होते.

पण औषधाच्या बिलांचे फोटो नाहीत. ते दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तेही मी त्याच दिवशी, गूगल फोटोजमधूनच पुसले होते. ते का नाही आले?

सायली_कॉलेजरोड

ताई, मी सांगते, हा फटका मलाही बसलाय. गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर वर पाठवतं. व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस, स्क्रीनशॉट, डाउनलोड या फोल्डरांचा बॅकअप आपण वेगळा चालू करावा लागतो. सेटिंग्जमध्ये बॅकअपखाली `Back up device folders` म्हणून आहे, तिथे एकेक फोल्डर चालू करायचं. जे वर गेलेलंच नाही ते ट्रॅशमध्ये ६० नाही, ३० दिवसच राहतं. म्हणून बिलं गेली आणि कॅमेऱ्याचे फोटो राहिले.

बिलं दुकानदाराकडे असतीलच, त्याला पुन्हा पाठवायला सांगा.

पंचवटी_एक्सप्रेस

ट्रॅशवरून आठवलं. आमच्या बाबांचा मोबाइल रोज "स्टोरेज फुल" म्हणतो. ११ हजार फोटो निघाले, त्यातले निम्मे सूर्योदय आणि गणपती, शुभ सकाळ लिहिलेले. एकेक सिलेक्ट करत बसलो होतो, अंगठा दुखायला लागला. काही युक्ती?

सायली_कॉलेजरोड

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये `Storage and data`, त्यात `Manage storage`. तिथे बरेचदा फॉरवर्ड झालेलं सगळं वेगळं काढून दाखवतं, आणि ५ एमबीहून मोठं तेही वेगळं. आधी ते दोन ढीग उपसा. पण बाबांना विचारून. मी न विचारता पुसलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस अबोला होता, त्यात आत्याच्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओ होता.

गोदाकाठ

माझं एक म्हणणं आहे. ताईंनी चूक केली म्हणून क्लाउड वाईट ठरत नाही. आणि मोबाइल मोकळा करायला गूगल फोटोजमध्येच सोय आहे की. मी दर महिन्याला वापरतो, एकही फोटो गेला नाही.

अण्णा_सातपूर

तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. तुम्ही म्हणता ते `Free up space`. ते वर पोचलेले फोटो फक्त मोबाइलवरून काढतं, वरची प्रत ठेवतं. सूनबाईंनी फोटो निवडून कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं. त्याने मोबाइलवरचीही जाते आणि वरचीही. अ‍ॅप एकच, बटणं दोन, परिणाम अगदी उलटे. महिन्याच्या साफसफाईत बहुतेक घरांत घोळ इथेच होतो.

उरलेलं अर्धं चूक. चार वर्षांत तुमची फाइल गेली नाही, कारण तुम्ही अजून चुकीची फाइल पुसलेली नाही.

मखमलाबादची_सून

फोटो मिळाले, आता एक्सेलचं काय? डिस्क कपाटात आहे.

अण्णा_सातपूर

डिस्क फिरत्या चकतीची आहे, एसएसडी नाही असं धरतो. चकतीवर फाइल पुसली तरी मजकूर लगेच मिटत नाही, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. तिथे दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं. १ मार्चला दोन जीबी लिहिलेत, त्यामुळे खात्री देत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विंडोज फाइल रिकव्हरी घ्या, फुकट आहे. लॅपटॉपला एक रिकामा पेनड्राइव्ह लावा, त्याचं अक्षर F धरलंय. सापडलेलं त्याच डिस्कवर कधीही उतरवायचं नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि:

```
winfr E: F: /regular /n \Backup\Mala\*.xlsx
```

पण त्याआधी एक साधा प्रश्न. ही फाइल कधी कुणाला मेल केली होती का? सीएला, कृषी सल्लागाराला, कुणालाही? जीमेलच्या सर्चमध्ये `in:sent filename:xlsx` टाका.

मखमलाबादची_सून

दोन्ही केलं.

पेनड्राइव्हवर दोन एक्सेल फाइली आल्या. एक उघडतच नाही, खराब म्हणते. दुसरी उघडली, त्यात ४ जानेवारीपर्यंतच्या नोंदी आहेत.

आणि सेंटमध्ये… १० जानेवारीला सल्लागारांना पाठवलेली सापडली! म्हणजे डिस्कवरच्यापेक्षा सहा दिवस नवी. दोन तास ती काळी खिडकी बघत बसले आणि उत्तर माझ्याच मेलमध्ये होतं. अण्णा, तुम्ही मेलचं आधी का नाही सांगितलंत 🙂

अण्णा_सातपूर

"पण त्याआधी" असंच लिहिलं होतं, सूनबाई.

आता १० जानेवारी ते १ फेब्रुवारी एवढं भोक राहिलं. फोटो परत आलेत ना? गूगल फोटोजमध्ये एकेक फोटो उघडून वर सरकवा, काढल्याची तारीख आणि वेळ दिसते. बाटलीच्या फोटोवरून औषध कळेल, तारखेवरून दिवस. प्रमाण बिलावरून आणि नानांच्या आठवणीवरून जुळवा. मात्र एक पाळा. जी नोंद फोटोवरून भरलीत तिच्यापुढे तसं लिहून ठेवा, आणि जी नक्की आठवत नाही ती अंदाजाने भरू नका. माल घेणाऱ्यांना स्पष्ट सांगा. प्रश्न फवारणी आणि काढणी यांतल्या दिवसांचा आहे, तिथे अंदाज चालत नाही.

द्राक्षवाला_दिंडोरी

आमच्याकडे एवढं काही नाही. वही आहे, ती गोठ्याच्या खुंटीला टांगलेली असते. व्हायरस येत नाही, पासवर्ड लागत नाही. 😀

खरं सांगू? मागच्या पावसात वही भिजली तेव्हा शेजाऱ्याच्या पोराने आधी काढलेल्या पानांच्या फोटोंवरूनच सगळं पुन्हा लिहिलं.

मखमलाबादची_सून

तेवीस दिवसांत सात फवारण्या होत्या. सहा जुळल्या. एकीचा फोटोच काढलेला नव्हता, नाना म्हणतात भुरीसाठी होती, मी म्हणते डाउनीसाठी. ती रिकामी सोडली आहे.

आता एप्रिलचा पहिला रविवार जवळ येतोय. क्रम कसा लावू?

अण्णा_सातपूर

कामं तुमची तीच ठेवा, क्रम उलटा करा. आधी बॅकअप, मग बॅकअप उघडून पाहणं, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

बॅकअपसाठी आरसा सोडा, दर महिन्याला नवं फोल्डर करा. तुमचं D:\Mala किती आहे? सहा जीबी असेल तर वर्षाचे बहात्तर होतात. तुमच्या एक टीबीच्या डिस्कला ते काहीच नाही.

```
robocopy "D:\Mala" "E:\Backup\2026-04\Mala" /E
```

`/E` फक्त कॉपी करतं, पुसत नाही. पुढच्या महिन्यात 2026-05 लिहायचं. म्हणजे जानेवारीत असलेली फाइल जूनमध्येही जानेवारीच्या फोल्डरमध्ये मिळेल.

भावाची जुनी आज्ञा कधी चालवायचीच असेल तर आधी एकदा तिच्या शेवटी `/L` जोडून चालवा. मग ती काहीच करत नाही, काय करणार त्याची यादी तेवढी दाखवते. त्या यादीत `*EXTRA File` असं ज्या ओळीपुढे येईल ती फाइल डिस्कवरून पुसली जाणार असा अर्थ. १ फेब्रुवारीला तुमच्या काळ्या खिडकीत ही ओळ आलेली असणार. कुणी वाचत नाही.

उघडून पाहणं म्हणजे डिस्क काढून दुसऱ्याच लॅपटॉपला लावायची आणि तीन फाइली उघडायच्या. एक एक्सेल, एक फोटो, एक पीडीएफ. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींचा आकडा दोन्हीकडे सारखा आहे का तेही पाहा. कारखान्यात आमच्याकडे आठ महिने रोज रात्री बॅकअप होत होता, हिरवी खूण येत होती. गरज पडली तेव्हा कळलं की फोल्डर रिकामं आहे. फोल्डरचा पत्ता बदलला होता आणि कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

आणि पुसायचं ते लगेच पुसू नका. D वर "पुसायचे" नावाचं फोल्डर करा, त्यात ढकला, आणि पुढच्या पहिल्या रविवारी पुसा. महिनाभरात कुणी ओरडलं नाही तर जाऊ द्या.

सायली_कॉलेजरोड

अण्णा, हे ताईंना जमेल, मला नाही. माझ्याकडे लग्नाचे फोटो आहेत, एकेका लग्नाचे दीडशे-दोनशे जीबी. दर महिन्याला नवं फोल्डर केलं तर डिस्कांचं दुकान लावावं लागेल. मी दोन डिस्क ठेवल्या आहेत. सम महिन्यात एक, विषम महिन्यात दुसरी. जी वापरात नाही ती बहिणीकडे, पाथर्डी फाट्याला. आरसाच वापरते, पण चूक झाली तर दुसरीवर महिन्यापूर्वीचं असतं.

अण्णा_सातपूर

उत्तम. आणि एक डिस्क घराबाहेर आहे, हे माझ्या सल्ल्यात राहून गेलं होतं. आग, चोरी, वीज कडाडून सगळं एकदम जळणं, याला घरातल्या दोन प्रती पुरत नाहीत. फक्त महिना उलटून चूक कळली तर तुमच्याही दोन्ही डिस्कवर ती गेलेली असेल, हे लक्षात असू द्या.

गोदाकाठ

पासवर्डचं राहिलं. ताई दर महिन्याला बदलतात ते तरी बरोबर आहे ना? मीही बदलतो. तज्ज्ञ तेच सांगतात.

अण्णा_सातपूर

सांगत होते. मीच कारखान्यात दर तीस दिवसांनी बदलायला लावायचो. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा दिसला तर बदलावा. कारण माणूस काय करतो? Nashik@01 चं Nashik@02 करतो. एक कळला की पुढचे बारा कळले. सूनबाई, खरं सांगा.

मखमलाबादची_सून

…माझा शेवट महिन्याच्या नावाने होतो. 🙈

अण्णा_सातपूर

झालं तर. आता जीमेल, बँक आणि जे एकमेकांसारखे आहेत ते एकदाच, लांब आणि वेगवेगळे करा. मग दर महिन्याला बदलण्याऐवजी तपासा. गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये `Password Checkup` आहे. कुठले पासवर्ड चोरीच्या यादीत आलेत आणि कुठले दोन ठिकाणी एकच आहेत ते दाखवतं. तेवढेच बदला. बँक स्वतःच मुदत घालत असेल तर तिथे इलाज नाही, बदलावा लागतो.

आणखी एक. गूगलचा पासवर्ड बदलला की बऱ्याच उपकरणांवरून खातं बाहेर पडतं. तुमच्या घरात आणखी कुणाचा मोबाइल याच खात्यावर आहे का?

मखमलाबादची_सून

यांचा आहे. बागेतले फोटो त्यांच्याकडूनही त्याच खात्यात जातात. थांबा, बघून सांगते.

मखमलाबादची_सून

अण्णा, त्यांच्या मोबाइलवर `Account action required` असं नोटिफिकेशन पडून आहे. कधीपासून, त्यांनाही माहीत नाही. गूगल फोटोजमध्ये त्यांचा शेवटचा फोटो २८ फेब्रुवारीचा आहे. मी १ मार्चला पासवर्ड बदलला होता. म्हणजे काढणीचे सगळे फोटो फक्त त्या मोबाइलमध्येच आहेत, आणि तो मोबाइल रोज ट्रॅक्टरवर असतो!

अण्णा_सातपूर

आत्ता खातं पुन्हा चालू करा, वायफायवर लावा आणि रात्रभर चार्जिंगला ठेवा. सकाळी तारीख पाहा.

पंचवटी_एक्सप्रेस

अण्णा, लांब लांब वेगवेगळे पासवर्ड लक्षात कसे राहणार? बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत.

अण्णा_सातपूर

वहीत लिहून कपाटात ठेवा. कॅलेंडरवर नको, पाहुणे पाहतात.

गोदाकाठ

वही? चोरी झाली तर? हे मला अजिबात पटलेलं नाही. मॅनेजर असताना कागद कशाला?

सायली_कॉलेजरोड

@गोदाकाठ, मॅनेजरचाच पासवर्ड विसरलात तर? आमच्या काकांचं तेच झालं. पण वहीही मला बरोबर वाटत नाही, घरात कामाला चार माणसं येतात.

अण्णा_सातपूर

ज्याच्या त्याच्या घरावर आहे. माझी वही आहे, आणि बायकोला तिची जागा माहीत आहे.

मखमलाबादची_सून

सकाळी पाहिलं. यांचे २१२ फोटो वर गेले, शेवटचा कालच्या तारखेचा. बॅच फाइल बदलली. भावाला कळवलं, तो म्हणाला "मी सांगितलं होतं आधी बॅकअप घे म्हणून." आठवत नाही बाई.

त्या सातव्या फवारणीवर नाना आणि माझं अजून जुळलेलं नाही. दुकानदाराने बिलं पुन्हा पाठवतो म्हटलंय, उद्या पाहते.

पंचवटी_एक्सप्रेस

सगळं छान झालं, पण माझ्या डिस्कचं कुणीच सांगितलं नाही.